‘हे त्याला सांगू नका’: एका खासगी बैठकीचं प्रकरण

हे प्रकरण जसंच्या तसं कुठेही घडलेलं नाही. तीन वेगवेगळ्या मध्यस्थींमधले प्रसंग मी एकाच दुकानात आणून बसवले आहेत, नाती आणि आकडे बदलले आहेत. कारण मी मध्यस्थ आहे, आणि एकाच पक्षाबरोबर बंद दाराआड होणाऱ्या खासगी बैठकीत कानावर पडलेली गोष्ट तडजोड झाल्यावरही माझी होत नाही. ती लिहायची तर ज्याची आहे त्याला स्वतःलाही ओळखू येणार नाही, अशी करूनच लिहावी लागते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर वह्या-पुस्तकांचं दुकान. दोन चुलतभाऊ निम्म्या-निम्म्या हिश्श्याचे भागीदार. थोरल्यांना आपण अण्णा म्हणू, धाकट्यांना बापू. अण्णा तीस वर्षं गल्ल्यावर बसलेले. बापूंकडे शाळांच्या ऑर्डरी आणि नऱ्ह्यातलं गोदाम, त्यामुळे ते दुकानात आठवड्यातून एखादवेळीच. जागा भाड्याची, पावती फर्मच्या नावाने, महिना ४०० रुपये. उधारीच्या हिशेबावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. शेवटी बापूंनी शिवाजीनगरच्या न्यायालयात भागीदारी विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा लावला. न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली तो मध्यस्थीसाठी पाठवला.

बापूंनी बाहेर पडायचं आणि अण्णांनी त्यांचा हिस्सा घ्यायचा, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. वाद रकमेचा. बापू ६० लाख मागत होते, अण्णा २५ वर अडले होते.

पहिल्या संयुक्त बैठकीत मी खासगी बैठकीचे नियम सांगतो. बहुतेक मध्यस्थ एवढंच सांगतात की ‘तिथे बोललेलं गुप्त राहील’. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि याचं कारण आपल्या नियमांतच आहे. १९९६ च्या लवाद आणि सलोखा कायद्याचं कलम ७० असं सांगतं की सलोखाकाराला एका पक्षाकडून वादाविषयी माहिती मिळाली, तर तिचा सारांश त्याने दुसऱ्या पक्षाला द्यायचा. गुप्त ठेवण्याची अट घालून माहिती दिली असेल तरच ती द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या सेलम बार असोसिएशनच्या खटल्याच्या निमित्ताने मध्यस्थीचे जे नमुना नियम तयार झाले, त्यांतही हीच रचना आहे. म्हणजे अट घातली नाही तर माहिती पुढे जाणार. सामान्य माणसाला वाटतं ते याच्या अगदी उलट: मी विशेष सांगितल्याशिवाय ती जाणारच नाही, असं तो धरून चालतो. दोन माणसं अशा दोन समजुतींनी खोलीत शिरली तर पुढे विश्वासघात झालाच म्हणून समजा, आणि त्यात कुणी खोटं बोललेलंही नसतं.

म्हणून मी सुरुवातीलाच एका ओळीवर दोघांच्या आणि दोन्ही वकिलांच्या सह्या घेतो: ‘खासगी बैठकीत सांगितलेली कोणतीही गोष्ट, ती सांगणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय, मध्यस्थ दुसऱ्या बाजूला सांगणार नाही.’ त्यालाच जोडून तोंडी दोन गोष्टी सांगतो. एका खोलीत मला ५० मिनिटं लागली आणि दुसऱ्या खोलीत २०, तर त्यातून काही अर्थ काढू नका. आणि प्रत्येक खासगी बैठकीच्या शेवटी मी विचारीन, ‘यातलं काय नेऊ, काय ठेवू?’

त्याच बैठकीत तडजोडपत्राचा कच्चा सांगाडाही वाचून दाखवतो, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून. भागीदारीच्या प्रत्येक प्रकरणात त्यात एक कलम असतंच: फर्मच्या नावाने आलेले सगळे कागद आणि प्रस्ताव दोन्ही भागीदारांनी एकमेकांसमोर ठेवले आहेत. ते वाचलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. पुढे सगळं याच कलमावर येऊन थांबलं.

आणखी एक सवय सांगायला हवी. खासगी बैठकी सुरू होण्याआधी मी प्रश्नांची यादी कागदावर लिहून काढतो आणि दोन्ही खोल्यांत तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारतो. या प्रकरणात पाच प्रश्न होते. तुमचा आकडा कोणत्या कागदांवरून काढला? उधारीतली किती वसूल होईल? रक्कम कधीपर्यंत हवी, किंवा कधीपर्यंत देता येईल? दुकानाच्या भाडेहक्काचं काय करायचं? तडजोड झाली नाही तर पुढची पाच वर्षं कशी जातील? चौथा प्रश्न यादीत आला तो केवळ दाव्याच्या मालमत्तेच्या यादीत भाडेहक्काचा उल्लेख होता म्हणून.

अण्णांच्या खोलीत चौथा प्रश्न विचारला आणि ते गप्प झाले. वकिलांकडे पाहिलं, मग म्हणाले, “साहेब, हे त्याला सांगू नका.”

वाड्याच्या मालकांचं एका विकसकाशी जमलं होतं. वाडा पाडून इमारत होणार होती आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूंना मालकीची दुकानं मिळणार होती. अण्णांना २२० चौरस फूट देऊ केले होते. तसं पत्र त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं. सही अजून कुठेच झालेली नव्हती. वाड्यातल्या चार-पाच भाडेकरूंना माहीत होतं, बापूंना नव्हतं. ताळेबंदात भाडेहक्काची किंमत शून्य होती आणि दोघांचेही आकडे ताळेबंदावरून निघालेले होते.

अण्णांनी आणखीही एक सांगितलं: ४२ लाखांपर्यंत जायची त्यांची तयारी होती. तेही सांगायचं नव्हतं.

मी वहीत दोन्हींसमोर ‘ठेव’ अशी खूण केली. दोन्ही बाजूंसाठी माझ्या वह्या वेगळ्या असतात आणि एका खोलीची वही दुसऱ्या खोलीत जात नाही. हे साधं वाटेल, पण तीन तास चाललेल्या बैठकीत कुठली गोष्ट कुणाकडून आली हे डोक्यात मिसळायला लागतं, आणि गळती बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही तर या मिसळण्यातून होते.

पत्रावर नाव कुणाचं आहे, एवढं मात्र मी अण्णांना विचारलं. त्यांनी पत्र पुन्हा पाहिलं. ते फर्मच्या नावाने आलेलं होतं. मी त्यांच्या वकिलांना विचारलं, “भागीदारी कायद्याचं कलम ९ इथे लागू होतं का?” १९३२ च्या त्या कायद्यानुसार भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने आणि सचोटीने वागायचं असतं आणि फर्मशी संबंधित सगळ्या गोष्टींची पूर्ण माहिती एकमेकांना द्यायची असते. वकील म्हणाले, “आम्ही जरा बोलतो.” मी दहा मिनिटं बाहेर थांबलो. परत गेलो तेव्हा अण्णांचं उत्तर तेच होतं: सांगायचं नाही.

त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मला सांगितलं, म्हणजे ते ओझं एकट्याने वाहणं त्यांना जड जात होतं. आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेला जे अपवाद मांडले आहेत, म्हणजे गुन्ह्याची धमकी किंवा बेत, घरगुती हिंसा, मुलांवरचा अत्याचार, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षेला असलेला मोठा आणि तातडीचा धोका, त्यांत हे कुठेच बसत नव्हतं. मी बांधलेला होतो.

त्या अवस्थेत बापूंच्या खोलीत जायचं होतं.

बापू थकलेले होते. पहिल्या प्रश्नाला म्हणाले, “मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदांवरून काढला.” तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मुलाच्या धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला ते जामीन होते आणि बँकेने २० मार्चची मुदत दिली होती. “६० म्हणतोय खरा, पण ३० मिळाले तरी मोकळा होईन. अण्णाला हे कळता कामा नये.” मी दुसऱ्या वहीत ‘ठेव’ लिहिलं.

म्हणजे आता मला तिन्ही गोष्टी माहीत होत्या. एक ४२ पर्यंत देईल, दुसरा ३० वर थांबेल, आणि ज्या मालमत्तेची किंमत दोघांच्याही कागदावर शून्य होती, ती शून्य नव्हती. मध्यस्थाचा खरा मोह इथे असतो. बापूंना म्हणावंसं वाटतं, ‘घाई करू नका.’ हे वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण मी ते का म्हणालो असतो? अण्णांचं पत्र पाहिलं म्हणून. म्हणजे शब्द माझे असले तरी माहिती अण्णांची गेली असती.

स्वतःला तपासायला मी एकच प्रश्न वापरतो: पहिल्या खोलीत गेलो नसतो, तर हे वाक्य दुसऱ्या खोलीत बोललो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य, ती भुवई, तो थांबा, सगळंच गळती. ‘हो’ म्हणण्यासाठी मात्र पुरावा हवा, कारण एकदा कळल्यावर मन सहज म्हणतं, ‘हे तर मी विचारणारच होतो.’ आधी लिहून ठेवलेल्या यादीचा उपयोग यासाठी. चौथा प्रश्न यादीत होता. तो मी यादीतल्याच शब्दांत विचारला, जास्त हळू नाही की जास्त जोर देऊन नाही.

बापू म्हणाले, “भाडेहक्काचं काय असतंय? चारशे रुपयांची पावती.” आणि मग: “तुम्हीच सांगा, त्या जागेचं काय मोल धरायचं?”

मी म्हटलं, किमतीवर मी मत देत नाही, ते मूल्यांककाचं काम. बापूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “त्या दिवशी पुस्तकांचं सांगितलंत की.”

ते खरं होतं. पहिल्या बैठकीत जुन्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवरून दोघं भांडत असताना मी मधेच बोलून गेलो होतो की असा माल रद्दीच्या भावातच धरतात. तेव्हा ते अगदी किरकोळ वाटलं होतं. पण एकदा किमतीवर बोललेला मध्यस्थ दुसऱ्यांदा गप्प बसला की त्याचं गप्प बसणंच बोलायला लागतं. सुरुवातीपासून तोंड बंद ठेवलं असतं, तर आजचं मौन रोजच्यासारखंच दिसलं असतं. मी बापूंना जे खरं होतं ते सांगितलं: “ते मी बोलायला नको होतं. ती माझी चूक होती, आणि अण्णांनाही मी हेच सांगणार आहे.” पुढच्या वेळी अण्णांच्या खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य तेच बोललो. बापूंची शंका त्याने पूर्ण गेली का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी विषय सोडला एवढं खरं.

अण्णांच्या दुसऱ्या खासगी बैठकीत आधी आकड्यांचाच विषय निघाला. “३५ ला तयार होईल का तो?” माझ्या वहीत ३० होते. ‘विचारून पाहू या’ असं उत्साहाने म्हटलं तरी ते होकारासारखं ऐकू जातं, आणि मान हलवून ‘अवघड दिसतंय’ म्हणणं तर खोटंच झालं असतं. अशा वेळी माझं वाक्य ठरलेलं असतं: “त्यांच्या आकड्याविषयी मी काहीच बोलत नाही. तुम्ही सांगाल तो प्रस्ताव तुमच्या नावाने नेतो.” समोरचा ३० वर असो की ५९ वर, वाक्य हेच. म्हणून त्यातून कुणाला काही वाचता येत नाही.

मग मी तडजोडपत्राचा सांगाडा पुढे ठेवला आणि कागद-प्रस्तावांच्या त्या कलमावर बोट ठेवलं. यावर सही केलीत तर ती खोटी ठरेल. हे कलम काढा म्हणालात तर बापूंचे वकील विचारतील, का? मी अण्णांना सांगितलं की तुमची गोष्ट मी बाहेर नेणार नाही, काहीही झालं तरी नाही. पण जे कलम खोटं आहे हे मला माहीत आहे, ते असलेलं तडजोडपत्र मी करून देऊ शकणार नाही. मला थांबावं लागेल, आणि न्यायालयाला कळेल ते फक्त ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढंच. मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलेलं आहे: तडजोड झाली तर सह्यांचा करार पाठवा, नाही झाली तर तेवढंच कळवा, आत काय घडलं ते लिहू नका.

हा दबाव झाला का? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. माझं मत असं की परिणाम सांगणं हा दबाव नाही, पण दोन अटींवर. परिणाम खरा हवा, आणि दुसऱ्या खोलीत हीच परिस्थिती असती तर तिथेही मी तेच सांगितलं असतं, असं हवं. ‘सांगून टाका, नाहीतर मीच काहीतरी करतो’ असा सूर जरी लागला असता, तरी पहिल्या दिवशी सही करून दिलेला शब्द मोडला असता.

पुढचे प्रश्न मी विचारले आणि उत्तरं त्यांच्या वकिलांनी दिली. वाड्यावर बांधकामाचा फलक लागेल तेव्हा बापूंना कळेल की नाही? चौकात त्याआधीच कळेल. कळल्यावर ते काय करतील? ज्या न्यायालयाने तडजोडीवर हुकूमनामा दिला, तिथेच अर्ज करतील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे करार कायद्यानुसार रद्द होण्याजोगी तडजोड कायदेशीर धरली जात नाही. आणि जिथे सांगण्याचं कर्तव्य आहे तिथे गप्प बसणं ही त्या कायद्यात फसवणूक ठरू शकते. म्हणजे आज ३५ देऊन अण्णा जे विकत घेणार होते, ते त्यांच्याकडे टिकण्याची खात्री नव्हती.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले ते पैशाचं नव्हतं. “तो अडवून बसेल, साहेब. हे कळलं की बाहेर पडायचंच नाही म्हणेल. तीस वर्षं मी शटर उघडलंय.” इथपर्यंत मला वाटत होतं की गोष्ट जास्तीच्या नफ्याची आहे. ती भीतीची होती. त्यामुळे प्रश्न बदलला. ‘सांगायचं की नाही’ यावरून आम्ही ‘सांगितलं तर दुकान कुणाकडे राहील, याची शाश्वती आधी कशी मिळेल’ यावर आलो. त्यांनी आठ दिवस मागितले.

बाहेर बापू थांबले होते. “काय म्हणाला अण्णा?” मी म्हटलं, “आज तिकडून न्यायला मला काही दिलेलं नाही. तुमचंही तिकडे काही गेलेलं नाही. पुढची तारीख घेऊ.” असा थांबा स्वतःच एक इशारा होऊ शकतो, हे मला कळत होतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगून ठेवलं होतं की कधी मधेच आठवड्याची सुट्टी घ्यावी लागेल आणि तिचं कारण मी देणार नाही.

आठ दिवसांनी अण्णांनी परवानगी दिली. आता कुणी सांगायचं, हे ठरवायचं होतं. त्यांना वाटत होतं, मी सांगावं. मी नको म्हटलं. मी ती बातमी नेली असती तर बापूंच्या मनात माझ्यासाठी पहिला प्रश्न आला असता, ‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’ आणि अण्णांसाठी, ‘तोंडावर सांगायची हिंमत नव्हती का?’ परवानगी किती, तेही आम्ही लिहून काढलं: पत्र आणि विकसकाचा प्रस्ताव सांगायचा. ४२ चा आकडा वहीतच राहायचा.

आधी माझ्यामार्फत एकच प्रस्ताव गेला, अण्णांच्या नावाने: रक्कम काहीही ठरो, दुकान चालवण्याचा हक्क अण्णांकडे राहील. बापूंनी तो लगेच मान्य केला. त्यांना दुकान कधीच नको होतं. मग संयुक्त बैठकीत अण्णांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बापू, हे फर्मच्या नावाने आलंय. तुला आधीच दाखवायला हवं होतं.”

बापूंनी ते दोनदा वाचलं. मग अण्णांकडे न बघता माझ्याकडे वळले. “तुम्हाला हे माहीत होतं?”

मी म्हटलं, “खासगी बैठकीत कोण काय बोललं, काही बोललं की नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. तुम्ही जे ठेवायला दिलंत, तेही तसंच आहे.”

त्यांना त्यांचे ३० आठवले असावेत. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग पत्राकडे वळले.

त्यानंतर दोन बैठकी लागल्या. माल, उधारी आणि नावलौकिक मिळून ३६ लाख ठरले. त्यातले २० लाख १५ मार्चपर्यंत द्यायचे. ही तारीख बापूंच्या वकिलांनी सुचवली, कारण न सांगता. नव्या दुकानातला बापूंचा निम्मा हक्क वेगळा ठेवला: विकसकाबरोबरचा करार नोंदवला गेला की त्या दिवशीच्या रेडी रेकनरच्या दराने अण्णांनी तो विकत घ्यायचा, आणि योजना बारगळली तर त्यापोटी काही द्यायचं नाही. कागद-प्रस्तावांचं कलम जसंच्या तसं राहिलं. त्याखाली पत्राची प्रत जोडली. वकिलांनी तडजोड झाल्याची पुरसिस दाखल केली, मी सह्यांचं तडजोडपत्र न्यायालयात पाठवलं आणि दोन्ही वह्यांची पानं फाडून टाकली.

महिन्याभराने अण्णांच्या वकिलांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता म्हणाले, “आता सगळं मिटलंय म्हणून विचारतो, बापू कितीपर्यंत उतरले असते हो?”

मी म्हटलं, पानं फाडली.

“आठवत तर असेल.”

“आठवतंय,” मी म्हटलं, आणि त्यांच्या कामाची तारीख विचारली.